तार तुटली तरी बिल चालू!

वाळूजमधील एका दुकानात दोन गल्ले व साबणाच्या 40 वड्या आहेत असे समजा. ‘क’ गल्ल्यावर 3 वड्या विकल्या, की मुख्य संगणक साठ्यातून 3 वजा करतो आणि विक्रीची रक्कम हिशेबात मांडतो. इंटरनेट बंद पडले तर? गल्ला बिल स्वतःजवळ जपतो व जोडणी येताच पाठवतो. पण गंमत पुढेच आहे! बिल पोचले, मात्र ‘मिळाले’ हा उलट निरोप वाटेत हरवला, तर गल्ला तेच बिल पुन्हा पाठवतो. मग साठा 34 दिसेल. फळीवर मात्र 37 वड्या! म्हणून प्रत्येक बिलावर गल्ल्याच्या खुणेसह क्रमांक असतो, जसे ‘क-118’. तो आधीच नोंदलेला आढळला, तर मुख्य संगणक काहीही वजा न करता नुसते ‘मिळाले’ कळवतो.