औषधि-आनुवंशिकी

औषधि-आनुवंशिकी : (फार्माकोजेनेटिक्स). औषधाला शरीराकडून मिळणाऱ्या प्रतिसादात व्यक्तिव्यक्तींमध्ये आढळणाऱ्या आनुवंशिक फरकांचा अभ्यास करणारी विज्ञानशाखा. ‘फार्माकोजेनेटिक्स’ ही संज्ञा एफ्. फोगेल यांनी १९५९ मध्ये रूढ केली. असे फरक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात औषधाचे शरीरात जे रूपांतर होते त्याचा वेग बदलतो. दुसऱ्यात औषधाचे रूपांतर नेहमीप्रमाणे होते, परंतु ज्या कोशिकांवर (पेशींवर) ते परिणाम करते त्याच मुळात दुर्बल असतात.

मंद ॲसिटिलीकरण : हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण होय. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधाला यकृतातील एन्-ॲसिटिल ट्रान्स्फरेज-२ हे एंझाइम ॲसिटिल गट जोडते व त्यामुळे औषध निष्क्रिय होते. या एंझाइमाची क्रियाशीलता कमी असणे हे अप्रभावी लक्षण आहे. औषधाची रक्तातील पातळी निम्म्यावर येण्यास शीघ्र ॲसिटिलीकारकांत सुमारे एक ते दीड तास, तर मंद ॲसिटिलीकारकांत सुमारे तीन तास लागतात. औषध दीर्घकाळ राहिल्याने पिरिडॉक्सिनाच्या (ब-६ जीवनसत्त्वाच्या) कार्यात अडथळा येऊन हातापायांना मुंग्या येणे व तळपायांची आग होणे ही तंत्रिकाविकाराची लक्षणे मंद गटात अधिक आढळतात. पिरिडॉक्सीन बरोबर दिल्यास ती टळतात. उलट, मद्रास येथील क्षयरोग संशोधन केंद्राच्या अभ्यासात आठवड्यातून एकदाच औषध देण्याची पद्धती शीघ्र गटात कमी गुणकारी ठरली. दररोज औषध घेणाऱ्यांत मात्र असा फरक विशेष जाणवत नाही. म्हणजे आनुवंशिक फरकाचे महत्त्व औषध देण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज-न्यूनता : हे दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय. तांबड्या कोशिकेत केंद्रक नसल्याने ती नवे एंझाइम तयार करू शकत नाही. जन्मतः मिळालेल्या साठ्यावरच तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात. हे एंझाइम एनएडीपीएच हे द्रव्य निर्माण करते व त्याच्या साहाय्याने ग्लुटाथायोन क्षपित अवस्थेत राहते. क्षपित ग्लुटाथायोन कोशिकेचे ऑक्सिडीकारक द्रव्यांपासून रक्षण करते. एंझाइम अपुरे असताना हिवतापावरील प्रायमाक्वीन घेतल्यास हे संरक्षण तोकडे पडते, रक्तारुण (हीमोग्लोबिन) विकृत होऊन त्याचे कण कोशिकेत साचतात आणि कोशिका फुटतात. यालाच रक्तविलयन म्हणतात.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या तुरुंगात १९५० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत ही घटना टप्प्याटप्प्याने पाहण्यात आली. ज्या कैद्यांना प्रायमाक्वीन सोसत नसे त्यांना ते रोज ३० मिग्रॅ. देताच दोन-तीन दिवसांत लघवी गडद झाली व रक्तारुणाचे प्रमाण घटू लागले. दोष औषधाच्या रूपांतरात आहे की रक्तात, हे ठरविण्यासाठी त्यांच्या कोशिका किरणोत्सर्गी क्रोमियमाने चिन्हांकित करून औषध सोसणाऱ्या व्यक्तींच्या शरीरात सोडण्यात आल्या. तेथेही औषध देताच त्याच कोशिका फुटल्या. दोष कोशिकांतच असल्याचे सिद्ध झाले. विशेष म्हणजे औषध चालू असूनही काही आठवड्यांत रक्तक्षय आपोआप भरून आला. कारण जुन्या, एंझाइम संपत आलेल्या कोशिकाच नष्ट झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या तरुण कोशिकांत एंझाइम पुरेसे होते. १९५६ मध्ये या एंझाइमाची उणीव हेच कारण असल्याचे दाखविण्यात आले. असे आपोआप थांबणारे विलयन आफ्रिकी वंशीयांतील सौम्य प्रकारात दिसते. भूमध्य सागरी प्रकारात तरुण कोशिकाही दुर्बल असल्यामुळे विलयन तीव्र होते आणि औषध तत्काळ थांबवावे लागते.

निदानातील अडचण याच घटनेतून उद्भवते. विलयनानंतर लगेच चाचणी केल्यास रक्तात प्रामुख्याने तरुण कोशिका असल्याने एंझाइमाची पातळी प्राकृत (सामान्य) वाटते व न्यूनता निसटते. म्हणून चाचणी सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करतात. या एंझाइमाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे न्यूनता पुरुषांत अधिक आढळते. विषमयुग्मजी स्त्रियांच्या रक्तात प्राकृत व न्यून अशा दोन्ही कोशिका मिसळलेल्या असल्याने साध्या चाचणीत त्या निर्दोष ठरू शकतात, पण औषधाने त्यांनाही रक्तविलयन होऊ शकते.

यकृतात दडून राहिलेल्या व्हायव्हॅक्स हिवतापाच्या परजीवींचा नाश करण्यासाठी प्रायमाक्वीन सामान्यतः १४ दिवस देतात. न्यूनता असलेल्यांना ते शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे ०·७५ मिग्रॅ. या प्रमाणात आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली देता येते. दोन मात्रांमधील अवधीत नष्ट झालेल्या कोशिकांची भरपाई होऊ शकते. लघवी काळसर होणे, डोळे पिवळे पडणे, दम लागणे ही चिन्हे दिसताच पुढील मात्रा थांबवावी लागते.