‘गॅप कमी झालाय’ म्हणजे नेमकं काय?

गुडघ्याच्या एक्स-रेवर वर मांडीचं हाड दिसतं, खाली नडगीचं, आणि दोघांच्या मध्ये एक काळी पट्टी. दवाखान्यात या पट्टीला ‘गॅप’ म्हणतात. ‘गॅप कमी झालाय’ हे ऐकून आलेल्या बाईच्या तोंडून घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असं झालेलं असतं. पण एक्स-रेला वंगण दिसत नाही, आणि ती पट्टी म्हणजे रिकामी जागाही नाही. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं उमटतं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं आणि मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या किरणांना फारसं अडवत नाहीत, त्यामुळे जागेवर असूनही फिल्मवर दिसत नाहीत. पट्टीची उंची बघायची ती हे न दिसणारं अस्तर किती उरलंय याचा अंदाज घ्यायला. निरोगी गुडघ्यात ती साधारण ४ ते ५ मिलिमीटर भरते.

हा अंदाज बरोबर यायचा तर फोटो काढताना माणूस उभा हवा. ५४ वर्षांच्या एका गृहिणीचं उदाहरण घेऊ. गुडघे दुखू लागले तेव्हा तिने जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. टेबलावर झोपवून काढलेला तो फोटो ‘नॉर्मल’ आला. सहा महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांनी उभं राहून काढायला सांगितला, तर रिपोर्टमध्ये उजव्या गुडघ्याची आतल्या बाजूची पट्टी अडीच मिलिमीटर आणि बाहेरची पाच. ती घाबरली. सहा महिन्यांत अर्धा गुडघा झिजला, असाच अर्थ तिने लावला.

सहा महिन्यांत एवढं घडलेलं नव्हतं. झोपल्यावर गुडघ्यावर भार नसतो, हाडं एकमेकांपासून किंचित सुटतात आणि झीज असली तरी पट्टी रुंद दिसते. उशी किती दबलीय हे डोकं टेकल्यावरच कळावं, तसं आहे हे. उभं राहिल्यावर शरीराचा भार सांध्यावर येतो, हाडं जवळ येतात आणि मध्ये जेवढं अस्तर खरोखर उरलंय तेवढंच अंतर राहतं. म्हणून गुडघादुखीसाठी एक्स-रे लिहून दिला असेल, तर चिठ्ठीवर ‘स्टँडिंग’ हा शब्द आहे का ते बघावं. फोटो काढताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा. दुखरा पाय नकळत उचलून धरला जातो आणि मग उभ्याने काढूनही उपयोग होत नाही. गुडघा जरासा वाकला किंवा किरणांचा कोन बदलला, तरी पट्टीच्या मापात फरक पडतो. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी काढलेल्या दोन फोटोंमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक मनाला लावून घेऊ नये.

आतली बाजू आधी का झिजली? चालताना गुडघ्यावरच्या भाराचा मोठा वाटा आतल्या बाजूने जातो. तिकडचं अस्तर पातळ झालं की पाय थोडा धनुष्यासारखा बाहेर वाकतो, आणि वाकला की त्याच बाजूवर आणखी भार येतो. अस्तराखालचं हाडही मग दाट होतं. फिल्मवर ते पट्टीच्या काठाशी जास्त पांढऱ्या रेघेसारखं दिसतं.

रिपोर्टमधला दुसरा शब्द होता ‘ऑस्टिओफाइट्स’. म्हणजे सांध्याच्या कडेला वाढलेलं हाड. आपल्याकडे त्याला ‘काटा आलाय’ म्हणतात, आणि तो आत टोचत असणार या कल्पनेने पाऊल टाकायलाच भीती वाटते. फिल्मवर टोकदार दिसला, तरी हा काटा बहुधा कूर्चेने मढवलेला हाडाचा कोंब असतो. सांध्यावरचा ताण बदलला की कडेच्या पेशी आधी कूर्चा तयार करतात आणि पुढे तिचं हाड होतं. डगमगणारा सांधा रुंद करून सावरण्याची शरीराची ही धडपड असावी, असं मानतात. मोठा कोंब कधी गुडघा पूर्ण वळू देत नाही, पण दुखण्याचं कारण बहुतेक वेळा तो नसतो. आणि हाड वाढलंय म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या, किंवा झिजलंय म्हणून सुरू करायच्या, या दोन्ही घरगुती निष्कर्षांना आधार नाही.

रिपोर्टच्या शेवटी ‘ग्रेड ३’ लिहिलं होतं. केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९५७ साली मांडलेली ही शून्य ते चारची पट्टी आजही वापरात आहे. स्पष्ट कोंब दिसला की दोन, पट्टी नक्की अरुंद झाली की तीन, जवळजवळ मिटली आणि हाडाचा आकार बदलला की चार. ही प्रतवारी चित्राची आहे, वेदनेची नाही. कूर्चेला वेदनेच्या नसाच नसतात. दुखतं ते सांध्याचं सुजलेलं आतलं आवरण, अस्तराखालचं हाड आणि आजूबाजूचे स्नायू. म्हणून ग्रेड चार घेऊन बाजारहाट करणाऱ्या बायका भेटतात आणि ग्रेड दोनवर जिना न चढवणाऱ्याही.

आपल्या उदाहरणातही हेच दिसतं. तिचा जास्त दुखणारा गुडघा होता डावा, आणि त्याची पट्टी उजव्याहून बरी होती. डॉक्टरांनी विचारलं, “ताई, नक्की कधी दुखतं?” जिना उतरताना आणि खाली बसून उठताना, पुढच्या बाजूला. सपाट रस्त्यावर फारसं नाही. हे दुखणं वाटीमागच्या सांध्याचं वाटत होतं, आणि समोरून काढलेल्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर चढलेली दिसते, त्यामुळे तिच्यामागचं काही कळत नाही. गुडघा वाकवून वाटीचा वेगळा फोटो काढला, तेव्हा वाटीच्या बाहेरच्या कडेला अंतर कमी झालेलं आणि एक छोटा कोंब सापडला. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता, तो फक्त दुसऱ्या जागेचा होता.

कमी झालेला गॅप पुन्हा वाढवून देणारं खात्रीचं औषध आज नाही, जाहिराती काहीही म्हणोत. बदलता येतो तो भार. वजन १ किलोने उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो. मांडीच्या पुढचे स्नायू बळकट झाले की वाटी नीट सरकते. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, काही सेकंद धरायचा, हळू खाली आणायचा. फरक जाणवायला काही आठवडे जातात, आणि बहुतेकजणी त्याआधीच सोडून देतात. भाजी निवडायला जमिनीऐवजी खुर्ची, उकिडवं बसून फरशी पुसण्याऐवजी लांब दांड्याचा पोछा, एवढ्याने या बाईंची वाटीमागची कळ बरीच उतरली.

शस्त्रक्रियेचा निर्णयही एकट्या फिल्मवर होत नाही. व्यायाम आणि औषधं नीट करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल आणि फिल्मवर झीजही मोठी असेल, तर सांधा बदलायचा विचार होतो. दुखणं तेवढंच असेल, तर दरवर्षी नवा एक्स-रे काढून उपचारात काही बदलत नाही. गुडघा अचानक गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा मध्येच अडकू लागला किंवा सकाळचा ताठरपणा तास-तासभर टिकू लागला, तर मात्र आधीच्या रिपोर्टवर विसंबून न राहता लवकर दाखवावं, कारण ही लक्षणं साध्या झिजेची नसतात. ताप आणि सूज एकदम आली तर त्याच दिवशी.