पापणी उलटून पाहणारे हात

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका बाईंना धाप लागली म्हणून दवाखान्यात नेलं. बोटाला चिमटा लावला, आकडा ९८ आला, 'ऑक्सिजन उत्तम' म्हणून त्यांना घरी पाठवलं. दोन दिवसांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ५! कुणी पापणी उलटून पाहिलीच नव्हती. ते मनाला लागलं.

२०२१ मध्ये सांगली-साताऱ्यात हा चिमटा घरोघरी आला. तेव्हा आजार फुप्फुसांचा होता, ऑक्सिजन रक्तात उतरतच नव्हता. प्राणवायूच्या तुटवड्याचा हा पहिला प्रकार आणि तो चिमट्याला कळतो. बाईंचा प्रकार दुसरा, रक्तक्षयाचा. होतं तेवढं हिमोग्लोबिन भरलेलं होतं, म्हणून आकडा ९८. पण १०० मिली निरोगी रक्तात १८-२० मिली ऑक्सिजन मावतो, तिथं त्यांच्या रक्तात ७ मिलीही मावत नव्हता.

पशुवैद्यक म्हणून माझी बरीचशी नोकरी लसीकरणात आणि अहवालांत गेली. आठवतं ते ऐंशीचं दशक, माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातलं. तिसरा प्रकार तिथं भेटला. कडब्यातून तार गिळलेली गाय. तार जाळीपोटातून हृदयाच्या आवरणात घुसलेली, मानेची शीर फुगलेली, पोळीला सूज. फुप्फुस ठीक, रक्तही ठीक, पण हृदय ते ढकलू शकत नव्हतं. रक्त पेशींपर्यंत पोचण्याऐवजी साचून राहत होतं.

आणि चौथा, किराळ. पाऊस ओढ देई, कडवळ खुरटे. मग एका सरीनंतर हिरवे फुटवे येत आणि भुकेली जनावरं त्यावर तुटून पडत. त्या कोवळ्या पाल्यातून पोटात सायनाइड सुटतं. एका वस्तीवर पोचलो तेव्हा गाय थरथरत धापा टाकत होती, तोंडाला फेस होता. पापणी उलटली तर लालभडक. रक्तात ऑक्सिजन काठोकाठ होता, पण पेशींमधलं त्याचा वापर करणारं विकरच सायनाइडनं बंद पाडलं होतं. न वापरलेला ऑक्सिजन शिरेतून तसाच परत येत होता, म्हणून ती लाली.

उतारा शिरेतून द्यायचा. सोडियम नायट्राइट काही हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, ते सायनाइडला धरून ठेवतं. मग सोडियम थायोसल्फेट त्याचं निरुपद्रवी रूप करतं आणि ते लघवीवाटे जातं. पण रक्त चॉकलेटी दिसलं तर ती नायट्रेटची बाधा. खुरटलेल्या कडवळात तेही साठतं आणि तिथं नायट्राइट दिलं तर जनावर आपल्याच हातानं मरतं. त्या दिवशी माझ्या पेटीत थायोसल्फेट नव्हतं. मागणी तीन महिने कागदावरच पडून होती. तालुक्याहून बाटली येईपर्यंत गाय गेली. तो राग अजून निवलेला नाही.

त्या काळी आमच्याकडे चिमटा नव्हता, औषधही अपुरं होतं. पण निळसर, पांढरी, लाल, चॉकलेटी असे पापणीचे रंग आम्ही ओळखत होतो. बाईंची पापणी पांढरीफटक होती. मी दोन दिवस उशिरा पाहिली.