आधी पाय, मग बॅट

कॉलेजच्या जिमखान्यातलं टीटीचं टेबल कधी रिकामं सापडत नाही. लेक्चर बंक करून म्हणा किंवा ब्रेकमध्ये म्हणा, दोघं खेळतायत आणि चौघं 'नेक्स्ट मी' म्हणत उभे आहेत, हे चित्र तुम्ही रोज बघता. तिथे नवा आलेला प्रत्येकजण आधी स्मॅश शिकतो. मग कुणीतरी समोरून नेटजवळ, खालून कापलेली एक आखूड सर्व्ह टाकतं आणि स्मॅशवाल्याचा बॉल थेट नेटमध्ये जातो. दुसरी सर्व्ह, पुन्हा नेट. अकरा पॉइंटचा गेम असा चार मिनिटांत संपतो.

या सर्व्हला नवशिक्यासाठी सगळ्यात भरवशाचं उत्तर म्हणजे पुश. बॅकहँडचा पुश बहुतेकांना आपोआप जमतो, कारण हात पोटासमोरच असतो. फोरहँडचा मात्र जमत नाही. तो नीट बसवायला एक टेबल, एक मित्र किंवा मैत्रीण आणि बादलीभर जुने बॉल पुरतात. खाली सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

बॅट धरायची कशी?

कुणाशी हात मिळवतो तशी बॅट धरा. याला शेकहँड ग्रिप म्हणतात. शेवटची तीन बोटं मुठीभोवती, अंगठा फोरहँडच्या बाजूला रबराच्या खालच्या कडेवर, आणि तर्जनी मागच्या बाजूला खालच्या कडेला समांतर. अंगठा आणि तर्जनीमध्ये इंग्रजी 'व्ही' तयार होतो, तो बॅटच्या कडेच्या रेषेत आला पाहिजे. पेन धरल्यासारखी पेनहोल्ड ग्रिपही असते आणि ती जुनाट वगैरे अजिबात नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मा लिनने पुरुष एकेरीचं सुवर्ण त्याच ग्रिपने जिंकलं. पण सुरुवात करताना एक ग्रिप निवडा आणि तिलाच धरून राहा.

चूक दोन ठिकाणी होते. एक, तर्जनी हळूहळू वर सरकून रबराच्या मधोमध येते. मग मनगट अडकतं आणि बॅट मोकळेपणाने तिरकी होत नाही. दोन, मूठ आवळली जाते. बोटांची पेरं पांढरी दिसली की समजा, पकड घट्ट झालीय. बॅट हातातून निसटणार नाही एवढीच पकड हवी.

उभं कसं राहायचं?

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा, उजवा पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. टाचांखालून कागद सरकवता आला तर वजन बरोबर जागी आहे. टेबलापासून साधारण एक हात लांब आणि मध्यापासून किंचित डावीकडे उभं राहा, म्हणजे फोरहँडला जागा मिळते. बॅट टेबलाच्या उंचीच्या वर आणि पोटासमोर ठेवा. दोन पॉइंटच्या मध्ये ती मांडीजवळ लोंबकळत असेल, तर आखूड बॉलला तुम्ही कायम उशिरा पोहोचणार.

पुशमध्ये नेमकं होतं काय?

समोरच्याने बॉल खालून कापला की त्याला बॅकस्पिन मिळतो. तो तुमच्याकडे येताना त्याची तुमच्या बाजूची कड खालून वर फिरत असते. उभी बॅट लावली तर रबर त्या फिरण्याला अडवतं आणि बॉल खाली ढकलला जातो, म्हणजे नेटमध्ये. म्हणून बॅट उघडायची, म्हणजे तिचं तोंड थोडं आकाशाकडे करायचं, आणि बॉलच्या मागच्या-खालच्या भागाला स्पर्श करत पुढे सरकायचं. खाडकन मारायचं नाही आणि उचलायचंही नाही. हालचाल वीतभराची, कोपरापासून, आणि तिची दिशा पुढे व किंचित खाली. बॉल टप्पा घेऊन सर्वांत उंच येतो, त्या क्षणी किंवा त्याच्या जरा आधी तो लागला पाहिजे.

अडचण इथेच येते. आखूड बॅकस्पिनचा बॉल तुमच्याकडे येतच नाही, तो टप्प्यानंतर मंदावतो. मग आपण काय करतो? जागेवर उभं राहून कमरेतून वाकतो आणि हात लांबवतो. हात सरळ झाला की कोपर कामातून जातं, बॅटचा कोन दर वेळी वेगळा होतो आणि बॉल कधी नेटमध्ये तर कधी डोक्याएवढा उंच. उपाय हाताचा नाही, पायाचा आहे. उजवा पाय पुढे टाका, तो टेबलाखाली गेला पाहिजे. छाती बॉलच्या जवळ आली की कोपर आपोआप वाकलेलं राहतं. पुश झाला की त्याच पायाने स्वतःला मागे ढकला आणि मूळ जागी या. पाऊल आत, स्पर्श, पाऊल बाहेर. फोरहँड पुश म्हणजे एवढंच.

आता बादली आणा

ही गोष्ट गेममध्ये शिकता येत नाही, कारण गेममध्ये असा बॉल दोन मिनिटांत एखादाच येतो. म्हणून मल्टीबॉल. एकजण बॉल भरवतो, दुसरा फक्त तोच फटका मारतो. गेलेला बॉल कुणी उचलायला धावत नाही, लगेच पुढचा येतो. चाळीसएक बॉल असले तरी भागतं.

भरवणाऱ्याने, म्हणजे फीडरने, आपल्या अर्ध्या टेबलाच्या बाजूला उभं राहायचं. डाव्या हाताने बॉल आपल्याच बाजूला अलगद टाकायचा, तो उसळला की उघड्या बॅटने खालून कापत नेटपलीकडे सोडायचा. जागा एकच: समोरच्याच्या फोरहँडला, नेटच्या जवळ. वीस बॉलचा एक सेट, मग अदलाबदल. पुढचा बॉल कधी टाकायचा, याचा नियम घड्याळाचा नाही, तर खेळणाऱ्याच्या पायाचा. उजवा पाय मागे येऊन टेकला की पुढचा बॉल. फीडरने घाई केली तर खेळणारा टेबलाखाली पाय अडकवूनच उभा राहतो आणि नेमकी तीच सवय लागते.

जमिनीवर पसरलेले बॉल मात्र प्रत्येक सेटनंतर पायाने भिंतीकडे सारा. बॉलवर पाय पडला की बॉल फुटतो, आणि घोटाही मुरगळू शकतो.

एका सेटचा हिशोब

फीडरने वहीत चार रकाने करायचे: ठीक, उंच, नेट, बाहेर. नेटच्या वर एका वीतीपेक्षा जास्त उंच गेलेला बॉल 'उंच' मध्ये टाकायचा, तो टेबलावर पडला तरीही. कारण तेवढ्या उंचीचा बॉल म्हणजे समोरच्याला फुकटचा स्मॅश.

समजा पहिल्या सेटमध्ये ठीक 6, उंच 9, नेट 2, बाहेर 3 असे आकडे आले. आपल्याला लगेच वाटतं, बॅट जास्त उघडली जातेय. थांबा, आधी फीडर तपासा. चार बॉल न मारता सोडून द्या आणि बघा. आखूड बॅकस्पिनचा बॉल तुमच्या बाजूला दोन टप्पे घेतो आणि मंदावत जातो. तो एकच टप्पा घेऊन टेबलाबाहेर सरळ निघून गेला, तर फीडर त्याला कापतच नाहीये, नुसता ढकलतोय. बिनस्पिनच्या बॉलला उघडी बॅट लावली की तो उंच जाणारच. चूक खेळणाऱ्याची नाही. फीडरने बॅट आणखी उघडून, बॉलच्या खाली जाऊन, हलक्या हाताने घासायचं. इथे रबरही बघून घ्या. जिमखान्यातल्या बॅटचं रबर धुळीने किंवा जुनेपणाने गुळगुळीत झालेलं असतं. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून पुन्हा करून बघा. तरीही बॉल घसरतच असेल तर ती बॅट बाजूला ठेवा.

दुसरा सेट: ठीक 7, उंच 3, नेट 9, बाहेर 1. आता स्पिन खरा येतोय, म्हणून बॉल नेटमध्ये जातायत. आता बॅटकडे नको, पायाकडे बघा. नऊपैकी किती वेळा उजवा पाय टेबलाच्या कडेच्या आत होता? फोनवर बाजूने एक सेट शूट केला की लगेच दिसतं. बहुतेक वेळा पाय जागेवरच असतो, हात सरळ असतो आणि बॉल खाली उतरायला लागल्यावर बॅटला लागलेला असतो.

म्हणून तिसऱ्या सेटसाठी टेबलाच्या कडेच्या बरोबर खाली जमिनीवर खडूची रेघ मारा. प्रत्येक बॉलला उजवा पाय रेघेपलीकडे गेला पाहिजे. एवढी एकच अट, बाकी काही बदलू नका. आता ठीक 12, उंच 4, नेट 3, बाहेर 1 आले, तर दिशा बरोबर आहे. पाय जात असूनही नेटमध्ये जाणारे उरलेच, तर आणि तरच बॅट जराशी जास्त उघडायची. उंच जाणारे उरले तर थोडी मिटायची. एका सेटमध्ये एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही.

पुढची पायरी

लागोपाठ तीन सेटमध्ये वीसपैकी पंधरा 'ठीक' आले की जागा दोन करा: एक बॉल फोरहँडला आखूड, पुढचा बॅकहँडला आखूड, आलटून-पालटून. आकडे पुन्हा घसरतील, ते स्वाभाविक आहे. त्यानंतर फीडरने मध्येच न सांगता एखादा लांब बॉल बॅकहँडला टाकायचा. मूळ जागी परत यायची सवय खरी लागलीय का, ते या एका बॉलने उघडं पडतं. पाय टेबलाखालीच राहिला असेल तर लांब बॉल पोटावर येऊन आदळतो.

पण मल्टीबॉलची मर्यादा लक्षात ठेवा. इथे प्रत्येक बॉलला बॅकस्पिन आहे, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. गेममध्ये सर्व्ह करणारा तेच तर लपवत असतो. म्हणून शेवटची दहा मिनिटं बादली बाजूला ठेवा. मित्राला एकाच हालचालीने कधी कापलेली, कधी बिनस्पिनची आखूड सर्व्ह करायला सांगा आणि मारण्याआधी मोठ्याने बोला: 'कट' किंवा 'साधा'. अंदाज चुकला की बॉल सांगेलच. कापलेल्याला साधा समजलात तर नेट, साध्याला कापलेला समजलात तर उंच. तुमच्या वहीतले तेच दोन रकाने, फक्त आता त्यांचं कारण तुमच्या पायात नाही, तर डोळ्यांत आहे.