असेम्बली भाषेतील बायनरी सर्च
असेम्बली भाषेतील बायनरी सर्च म्हणजे क्रमवारीने लावलेल्या ॲरेमध्ये, दर फेरीला शोधाचा टप्पा अर्धा करत, हवे ते मूल्य शोधण्याची प्रोसेसरच्या सूचनांमध्ये लिहिलेली पद्धत होय. या पद्धतीतील सर्वांत परिचित चूक मध्यबिंदू काढताना होते. दोन्ही टोकांची बेरीज रजिस्टरमध्ये मावली नाही, तर मध्यबिंदू ॲरेच्या बाहेर पडतो. ही चूक टाळण्याचा एक मार्ग असेम्बलीत थेट उपलब्ध असतो, कारण बेरजेतून बाहेर पडलेला बिट प्रोसेसर कॅरी फ्लॅगमध्ये राखून ठेवतो.

== ८०८६ वरील उदाहरण ==

८०८६ या प्रोसेसरची रजिस्टरे १६ बिटांची असून त्यांत ० ते ६५,५३५ एवढ्याच संख्या मावतात. समजा, दोन बाइटांच्या ५,००० मूल्यांचा एक ॲरे सेगमेंटमधील ४०,००० या पत्त्यापासून सुरू होतो. त्याचा शेवट, म्हणजे अखेरच्या मूल्यानंतरचा पत्ता, ५०,००० येतो. पुढील सूचनांमध्ये `si` हा आरंभ, `di` हा शेवट आणि `dx` हे शोधायचे मूल्य आहे.

```
find:   cmp  si, di
        jae  none
        mov  bx, si
        add  bx, di
        rcr  bx, 1
        and  bl, 0FEh
        cmp  [bx], dx
        je   found
        jb   right
        mov  di, bx
        jmp  find
right:  lea  si, [bx+2]
        jmp  find
```

पहिल्या फेरीत ४०,००० आणि ५०,००० यांची बेरीज ९०,००० होते. ती १६ बिटांत मावत नाही. `bx` मध्ये २४,४६४ उरतात आणि कॅरी फ्लॅग १ होतो. `rcr` ही सूचना सर्व बिट एक घर उजवीकडे सरकवते व रिकाम्या झालेल्या सर्वांत वरच्या घरात कॅरी आणून ठेवते. त्यामुळे २४,४६४ चे निम्मे १२,२३२ आणि वरच्या बिटाचे ३२,७६८ मिळून ४५,००० हा अचूक मध्य मिळतो.

समजा, शोधायचे मूल्य ४७,५०० या पत्त्यावर आहे. मधले मूल्य त्याहून लहान असल्याने `si` ४५,००२ होतो आणि पुढचा मध्य ४७,५०१ येतो. हा विषम पत्ता दोन मूल्यांच्या सीमेवर बसत नाही. `and` ही सूचना शेवटचा बिट शून्य करून ४७,५०० देते आणि मूल्य सापडते. त्यासाठी ॲरेचा आरंभ सम पत्त्यावर असणे आवश्यक आहे. ५,००० मूल्यांच्या ॲरेत अशा जास्तीत जास्त १३ फेऱ्या लागतात.

== चूक कशी ओळखावी ==

`rcr` ऐवजी `shr` वापरल्यास कॅरी वाया जातो आणि मध्य १२,२३२ येतो. ८०८६ मध्ये स्मृतीला संरक्षण नसल्याने प्रोग्राम थांबत नाही. तो त्या पत्त्यावरील असंबद्ध मजकूर वाचतो. तो मजकूर शोधमूल्यापेक्षा मोठा असल्यास `di` हा `si` च्या खाली जातो आणि मूल्य ॲरेत असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळते. ॲरे ३२,७६८ च्या खाली असेल तर हाच प्रोग्राम बिनचूक चालतो. म्हणून चाचणीसाठी ॲरे मुद्दाम वरच्या पत्त्यांवर ठेवावा लागतो.

`add` आणि `rcr` यांच्यामध्ये कॅरी बदलणारी सूचना घातल्यासही हाच दोष निर्माण होतो. पत्त्यांची तुलना `jae` ऐवजी चिन्हयुक्त संख्यांसाठीच्या `jge` ने केल्यास ३२,७६८ पासूनचे पत्ते ऋण मानले जातात. तसेच ॲरे सेगमेंटच्या अगदी शेवटच्या बाइटपर्यंत पोहोचत असल्यास त्याचा शेवट ६५,५३६ होतो. ही संख्या रजिस्टरमध्ये ० म्हणून उतरते, त्यामुळे वरील कृती तेथे चालत नाही.

== वजाबाकीची पद्धत ==

रिस्क-फाइव्हसारख्या रचनेत कॅरी फ्लॅगच नसतो. तेथे शेवटातून आरंभ वजा करून, फरकाचे निम्मे आरंभात मिळवतात. वरील उदाहरणात फरक १०,०००, त्याचे निम्मे ५,००० आणि मध्य ४५,००० येतो. मधली कोणतीही संख्या शेवटच्या पत्त्यापेक्षा मोठी होत नसल्याने ओव्हरफ्लोचा प्रश्न उद्भवत नाही. ८०८६ वरही ही पद्धत वापरता येते.

== इतिहास ==

डोनाल्ड नूथ यांच्या नोंदीनुसार बायनरी सर्चचा पहिला प्रकाशित उल्लेख १९४६ चा आहे. मात्र ॲरेच्या कोणत्याही लांबीसाठी चालणारी कृती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. बेरजेचा दोष त्यानंतरही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. जावाच्या प्रमाण संग्रहातील बायनरी सर्चमध्ये तो असल्याचे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केले. तेथे निर्देशांक ३२ बिटांचे व चिन्हयुक्त असल्याने सुमारे १०७ कोटी किंवा त्याहून अधिक मूल्यांच्या ॲरेत बेरीज ऋण होऊ शकत असे. दुरुस्तीत बेरीज तशीच ठेवून भागाकाराच्या जागी चिन्ह न जपणारे उजवे सरकवणे वापरले गेले.