दुसऱ्या हाताचं काम

ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका एटीएममध्ये, आग लागली तर धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारखी दिसणारी एक पेटी सापडली. आत कॅमेरा होता. तिथे पैसे काढून गेलेल्यांची कार्डं त्यांच्याच खिशात होती आणि त्यांच्या खात्यांतले पैसे निघत होते मुंबईतल्या एटीएममधून. या प्रकरणात रुमानियाचा एक नागरिक मुंबईतच पकडला गेला.

कार्ड खिशात असताना पैसे जातात कसे? कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीत कार्डाचा क्रमांक आणि मुदत असते. कार्ड सरकवण्याच्या खाचेवर चोर हुबेहूब दिसणारं प्लास्टिकचं तोंड चिकटवतात. तोच स्किमर. आत जाणाऱ्या कार्डाची पट्टी तो वाचून घेतो आणि तो मजकूर कोऱ्या कार्डावर उतरवता येतो. पिन मात्र त्या पट्टीत नसतो. तो चोरण्यासाठी बोटांवर नजर ठेवावी लागते, म्हणून तो कॅमेरा.

म्हणून कार्ड घालण्याआधी खाचेचं तोंड धरून जरा हलवून पाहा. ते सैल लागलं, रंग वेगळा वाटला, कडेला गोंद दिसला, तर तिथून निघा. कीपॅडच्या वर बारीक भोक असलेली पट्टी किंवा पत्रकांची पेटी आहे का, तेही बघा. काही स्किमर इतके पातळ असतात की ते खाचेच्या आत बसतात आणि बाहेरून कळतच नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो दुसरा हात. पिन दाबताना तो कीपॅडवर छपरासारखा धरा. कॅमेऱ्याला बोटं दिसणार नाहीत. खऱ्या कीपॅडवर खोटा बसवलेला असेल तर हा उपायही हरतो, म्हणून बटणं उचललेली किंवा मऊ लागली तर पिन दाबूच नका.

चिपची नक्कल करणं फार अवघड आहे. पण चिपच्या कार्डावरही पट्टी असतेच आणि चिप न तपासणाऱ्या परदेशी यंत्रांवर नकली पट्टी चालू शकते. परदेशी जायचं नसेल तर बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशातला वापर बंद करून ठेवा.

कॅमेऱ्याशिवायही पिन चोरला जातो. मागे उभा असलेला माणूस खांद्यावरून पिन पाहतो, मग ‘काका, द्या, मी काढून देतो’ म्हणत पुढे येतो आणि परत देताना त्याच बँकेचं दुसरं कार्ड हातात ठेवतो. मला हा प्रकार स्किमरपेक्षाही क्रूर वाटतो, कारण तो म्हाताऱ्या माणसांचा विश्वास लुटतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा: मदत हवी असेल तर बँक उघडी असताना आत जाऊन कर्मचाऱ्याकडेच मागायची, आणि परत आलेल्या कार्डावरचं नाव वाचायचं.

न काढलेल्या पैशांचा मेसेज आला तर लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही.