टाकीचा भार आणि बोल्टची निवड

गच्चीवर लोखंडी सांगाड्यावर उभी असलेली पाण्याची टाकी तुम्ही पाहिली असेल. तिचा सारा भार शेवटी मूठभर बोल्टांवर येतो. ते बोल्ट कसे निवडतात, ते एका उदाहरणाने पाहू.

टाकीत १०,००० लिटर पाणी मावते असे समजा. पाण्याचे वजन सुमारे १०० किलोन्यूटन. रिकामी टाकी व सांगाडा यांचे २० धरा. अभियंता या १२० किलोन्यूटनला सुरक्षिततेसाठी दीडपट करतो, म्हणजे १८०. हा भार चार जोडांत सारखा वाटला, तर प्रत्येक जोडावर ४५ किलोन्यूटन येतात.

बोल्टच्या डोक्यावर ४.६ किंवा ८.८ असे आकडे उठवलेले असतात. हा त्याचा दर्जा. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तुटण्याचा ताण मिळतो : ४.६ च्या बोल्टसाठी दर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन, ८.८ साठी ८००. दुसरा आकडा सांगतो, की त्याच्या किती दशांश ताणाला बोल्ट कायमचा लांबू लागतो.

आपल्या जोडात दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकू पाहतात आणि कात्रीप्रमाणे बोल्ट कापू पाहतात. ४.६ दर्जाचा १२ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट असे सुमारे १५ किलोन्यूटन सुरक्षितपणे पेलतो. दोन बोल्टांचे ३० झाले, ते अपुरे. १६ मिलिमीटरचा बोल्ट २९ पेलतो, म्हणून असे दोन घेतले की ५८ होतात. काम भागले!

पण ८.८ चा १६ मिलिमीटरचा एकच बोल्टही ५८ पेलतो. मग एकच का बसवू नये? कारण बोल्टबरोबर पट्टीचाही विचार करावा लागतो. साध्या पोलादाची ६ मिलिमीटर जाडीची पट्टी, कडेपासून ३० मिलिमीटरवर भोक, अशा ठिकाणी पट्टी एका बोल्टमागे सुमारे ४४ किलोन्यूटनच सोसते. बोल्ट शाबूत राहील, पण भोक लांबट होऊन पट्टी फाटू लागेल. दोन बोल्टांत मात्र प्रत्येकावर साडेबावीसच येतात. लांबट झालेले भोक दिसले, तर हे कारण ओळखावे.

राहिले आटे. लगतच्या दोन आट्यांमधील अंतराला पिच म्हणतात. १६ मिलिमीटरच्या बोल्टचा नेहमीचा जाड पिच २ मिलिमीटर, बारीक पिच दीड मिलिमीटर. बारीक आट्यांच्या खाचा उथळ, त्यामुळे आतला गाभा थोडा जाड राहतो. पण ताकद वाढते ती जेमतेम सहा टक्के. उलट धूळ, गंज किंवा जस्ताचा थर यांनी ते लवकर अडतात आणि नट तिरका बसण्याचा धोका असतो. म्हणून बांधकामात जाड पिचच घेतात.

दोन्ही पिचचे नट-बोल्ट मिसळले, तर नट एकदोन फेऱ्यांतच अडकतो. तेथे पान्ह्याने जोर केला, की आटे सोलून निघतात. म्हणून नट आधी हातानेच फिरवून पाहावा, आणि मगच पान्हा उचलावा.

हा हिशेब फक्त उभ्या भाराचा झाला. वारा आणि भूकंप यांचे बल अभियंता वेगळे मोजतो.